स्पर्धा परीक्षेत गेलेली वर्षं मुलाखतीत कशी सांगायची

पुण्यात खासगी कंपनीच्या मुलाखतीला येणाऱ्या मुलामुलींमध्ये एक मोठा गट असा आहे, ज्यांच्या रेझ्युमेत पदवीनंतर तीन, चार, कधी पाच वर्षं कोरी असतात. ही वर्षं सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या अभ्यासिकांत गेलेली असतात. राज्यसेवेची पूर्व परीक्षा निघाली, मुख्य राहिली, किंवा पूर्वच निघाली नाही. आता घरून पैसे मागवणं नको वाटतं, म्हणून खराडीच्या किंवा हिंजवडीच्या एखाद्या कंपनीत अर्ज केलेला असतो. पाच-सात मिनिटं बरी जातात आणि मग समोरचा विचारतो, "ही चार वर्षं काय करत होतात?" त्यामागोमाग येतं, "मग झालं का नाही?" आणि बऱ्याचदा तिसरा प्रश्न, "तुमचा वीक पॉइंट कोणता?"

मी अशा मुलाखती घेते. ही मुलं इथे अडखळतात ती अपयशामुळे नाही, त्याबद्दल काय बोलायचं हे ठरवून न आल्यामुळे. काहीजण चार वर्षं "कौटुंबिक व्यवसायात मदत" म्हणून दाखवतात आणि दुसऱ्याच उपप्रश्नाला गप्प होतात. काहीजण इतकं मोकळं बोलतात की पंधरा मिनिटं आयोगावरची तक्रारच ऐकावी लागते. या दोन्हींच्या मधली वाट आहे, आणि ती घरी बसून तयार करता येते.

समोरच्याला नेमकं काय हवं असतं

परीक्षा पास न होणं हा मुलाखत घेणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठा मुद्दा नसतो. राज्यसेवेला किती जण बसतात आणि किती जागा निघतात हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मनात तीन शंका असतात. हा माणूस स्वतःच्या कामाकडे नीट बघू शकतो का, की सगळा दोष बाहेरच टाकतो? अडलं तेव्हा याने पद्धत बदलली का, की तेच पुन्हा केलं? आणि जाहिरात निघाली की हा राजीनामा देऊन परत अभ्यासिकेत जाणार का? तिसरी शंका सगळ्यात मोठी असते, पण ती बहुधा शेवटी किंवा आडवळणाने विचारली जाते. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, त्यामुळे सत्तावीस वर्षांच्या उमेदवाराला अजून बरेच प्रयत्न शिल्लक आहेत हे समोरच्याला कळतं.

या तीन शंका डोळ्यांसमोर ठेवल्या की काय सांगायचं आणि काय वगळायचं हे आपोआप ठरायला लागतं.

आधी तारखा कागदावर घ्या

उत्तराची वाक्यं जुळवायच्या आधी एका कागदावर महिना आणि वर्ष घालून सगळं लिहा. पदवी कधी झाली, पुण्यात कधी आलात, कोणती पूर्व कधी दिली, निकाल काय, मध्ये कुठे काम केलं, तयारी कधी थांबवली. एक समजा उदाहरण घेऊ आणि पुढे तेच चालवू. लातूर जिल्ह्यातली एक मुलगी, २०१९ ला बीकॉम झाली आणि त्याच वर्षी पुण्यात आली. मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्व दिली, नाही निघाली. जानेवारी २०२२ ची दिली, नाही निघाली. त्यानंतरच्या दोन पूर्व निघाल्या, पण दोन्ही वेळा मुख्य परीक्षेत राहिली. २०२४ च्या मध्यावर तयारी थांबवली. त्यानंतर धायरीत एका कर सल्लागाराकडे खरेदीच्या नोंदी करायचं काम धरलं. आता खराडीच्या एका कंपनीत, पुरवठादारांची बिलं तपासून पेमेंटला लावायच्या कामासाठी मुलाखत आहे.

या यादीत मध्ये केलेलं छोटं कामही धरा, तीन महिन्यांचं असलं तरी. भविष्य निर्वाह निधी कापला गेला असेल तर तुमच्या यूएएनखाली त्या नोकरीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारे ती बघतात. गॅप लपवण्यासाठी तारखा ताणणाऱ्यांची ऑफर इथे जाते. चार वर्षं अभ्यास केला म्हणून ऑफर मागे घेतल्याचं मी पाहिलेलं नाही. खोटा अनुभव दाखवला म्हणून मागे घेतल्याचं पाहिलं आहे. रेझ्युमेतही ती वर्षं कोरी ठेवू नका, "राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, २०१९ ते २०२४, दोन वेळा पूर्व परीक्षा उत्तीर्ण" अशी एक ओळ पुरते.

मग आपला वाटा शोधा

हे काम सगळ्यात अवघड आहे, म्हणून यावर एक पूर्ण संध्याकाळ द्या. "का झालं नाही?" याची जी कारणं मनात येतील ती सगळी लिहा, आणि प्रत्येकासमोर लिहा की ते तुमच्या हातात होतं की नव्हतं.

आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या यादीत कोरोना येईल. १४ मार्च २०२१ ला व्हायची पूर्व परीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि अखेर ती २१ मार्चला झाली. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचा निर्णय, त्यावरून जानेवारी २०२३ पासूनचं आंदोलन आणि तो बदल २०२५ पासून लागू करायचं ठरणं, हेही येईल. हे सगळं खरं आहे आणि त्याने मुलांचे हाल झाले. पण मुलाखतीत याचा उल्लेख एका वाक्यापेक्षा जास्त झाला तर समोरच्याची पहिली शंका पक्की होते. त्याला माहीत असतं की त्याच अडचणीत काहीजणांची निवड झाली होती.

म्हणून हातात होतं त्या रकान्याकडे या आणि तिथे पुरावा शोधा. जुन्या उत्तरतालिका काढा. पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, म्हणजे अर्धा गुण. समजा तिने पहिल्या वेळी ९४ प्रश्न सोडवले, ५३ बरोबर, ४१ चूक. १०६ मधून साडेवीस गेले, उरले साडेपंच्याऐंशी. म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला हात घातलेला आहे. मग ती आठवते की पहिल्या दोन वर्षांत तिने वेळ लावून सराव पेपर जवळजवळ दिलेच नव्हते. "आधी अभ्यासक्रम पूर्ण करू, मग पेपर सोडवू" असं म्हणत ती तपासणी पुढे ढकलत राहिली. त्यामुळे आपण अंदाजाने किती उत्तरं देतो हे तिला परीक्षा झाल्यावर कळलं. दुसऱ्या अपयशानंतर तिने एक वही केली. दर रविवारी एक पेपर, आणि प्रत्येक चुकीसमोर कारण: माहीत नव्हतं, अंदाज केला, की प्रश्न घाईत वाचला. पुढच्या खेपेला तिने ७८ प्रश्न सोडवले, ५६ बरोबर आणि २२ चूक. गुण झाले १०१ आणि पूर्व निघाली.

आता इथे एक निवड करावी लागते, आणि प्रामाणिकपणाचा खरा कस इथे लागतो. याच हकिगतीतून दोन खरी वाक्यं निघतात. एक, "मी घाईत अंदाजाने उत्तरं देत होते." दुसरं, "मी स्वतःची तपासणी वेळेवर करत नव्हते." दोन्ही खरी आहेत. पण बिलं तपासायच्या कामात अंदाजाने पुढे जाणं हा मुळावरचाच दोष आहे, आणि ते वाक्य एकटं टाकलं तर समोरचा तिथेच थांबेल. दुसरं वाक्य मुळाच्या जास्त जवळ जातं, कारण अंदाज हा तपासणी नसल्याचा परिणाम होता, आणि त्यावरचा उपाय तिने प्रत्यक्ष करून दाखवला आहे. तेच निवडावं. यात लपवाछपवी नाही, कारण समोरच्याने आकडे विचारले तर ती ते सांगायला तयार आहे. खोटेपणा तिथे सुरू होतो जिथे उपप्रश्नाला उत्तर बदलावं लागतं.

काही वेळा मूळ दोष कामाच्या मुळाशीच असतो आणि अजून सुटलेला नसतो. आकडेमोडीत अजूनही चुका होत असतील तर हिशेबाच्या जागेवर बसल्यावर तिसऱ्या महिन्यात हे उघडं पडणारच. अशा वेळी जागा बदललेली बरी.

उत्तर बांधताना

अपयशाचं उत्तर दीड मिनिटात संपलं पाहिजे. त्यात परिस्थितीला दोन वाक्यं, आपल्या चुकीला दोन आणि उरलेला सगळा वेळ बदलाला, असं प्रमाण ठेवा. तयारी न करता बोलणारे नेमकं उलटं करतात. परिस्थितीवर एक मिनिट जातं आणि बदलावर "आता मी खूप शिकलो" एवढंच उरतं.

तयारीशिवाय बाहेर पडणारं उत्तर साधारण असं असतं: "मॅडम, मी पूर्ण मेहनत घेतली होती, पण कोरोनामुळे परीक्षा पुढे गेल्या, नंतर पॅटर्नचा गोंधळ झाला, थोडक्यात राहिलं. नशिबाची साथ नव्हती. पण त्यातून संयम शिकले." यातलं एकही वाक्य खोटं नाही, तरी तीनपैकी एकाही शंकेचं उत्तर यात नाही.

आता तीच मुलगी असं बोलली तर:

"२०१९ ते २०२४ मी राज्यसेवेची पूर्णवेळ तयारी केली. पहिल्या दोन पूर्व परीक्षा निघाल्या नाहीत, पुढच्या दोन निघाल्या, पण मुख्य परीक्षेत दोन्ही वेळा निवड झाली नाही. पहिल्या दोन वेळची चूक माझ्या पद्धतीत होती. मी अभ्यास करत राहिले, पण तो बरोबर होतोय का हे वेळ लावून तपासलं नाही. दुसऱ्या निकालानंतर मी दर रविवारी पेपर सोडवून प्रत्येक चुकीचं कारण वहीत लिहायला लागले, आणि चुका एक्केचाळीसवरून बावीसवर आल्या. मुख्य परीक्षेच्या लेखी पेपरना तेवढं बळ कमी पडलं, हे मान्य आहे. आता कर सल्लागाराकडे काम करताना तीच सवय वापरते. खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बीशी जुळवायचं काम माझ्याकडे आहे. ते विवरण पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला येतं. तोपर्यंत न थांबता मी रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या बिलांवरचे जीएसटी नंबर आणि रकमा तपासते, त्यामुळे १४ तारखेनंतर न जुळणारी बिलं कमी निघतात."

इथे "मान्य आहे" हे छोटं वाक्य महत्त्वाचं आहे. सगळं सुधारून शेवटी यश मिळालं अशी गोष्ट तिच्याकडे नाही, आणि ती तशी सजवत नाही. जे उरलं ते उरलं म्हणते आणि कामाकडे वळते. शेवटचं वाक्य मुद्दाम या नोकरीच्या कामाशी जोडलेलं आहे, त्यामुळे पुढचा प्रश्न बहुधा अभ्यासिकेबद्दल न येता बिलांबद्दल येतो.

मुलाखत इंग्रजीत होणार असेल तर हे उत्तर थेट इंग्रजीत, लहान वाक्यांत बांधा. मराठीत पाठ करून तिथे भाषांतर करायला गेलात की काळ चुकतो आणि धीर सुटतो. पाठांतर नकोच. तारखा, चूक, वही, आत्ताचं काम, हे चार थांबे लक्षात ठेवा आणि वाक्यं दर वेळी थोडी वेगळी येऊ द्या.

उपप्रश्नांसाठी थांबा

खरी परीक्षा उत्तरानंतर होते. "दोन वेळा नाही झालं तेव्हाच का नाही सोडलं?" याला "जिद्द" हे उत्तर पुरत नाही. तेव्हा थांबायचं की नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत ते सांगा. उदाहरणार्थ: "पद्धत बदलल्यावर गुण वाढले, म्हणून पुढे गेले. दुसऱ्यांदा मुख्य परीक्षेत राहिल्यावर परीक्षा वर्णनात्मक होणार हे ठरलेलं होतं. त्यासाठी आणखी दोन वर्षं लागली असती, आणि घरच्यांवर तो भार टाकायचा नव्हता, म्हणून थांबले."

"परत परीक्षा देणार का?" या प्रश्नाचं उत्तर घरी ठरवून जा, आणि खरं ते ठरवा. थांबला असाल तर "नाही, २०२४ नंतर मी फॉर्म भरलेला नाही" एवढं पुरे. त्यावर शपथा घेऊ नका. फॉर्म भरलेला असेल किंवा एखादा निकाल बाकी असेल तर तोही सांगा: "संयुक्त परीक्षेचा एक निकाल बाकी आहे. निवड झाली तर मी ती स्वीकारेन, आणि कळल्याबरोबर तुम्हाला सांगून नोटीस पिरियड पूर्ण करेन." काही कंपन्या इथे नाही म्हणतील. हा तोटा खरा आहे. पण उत्तर लपवून रुजू झालात आणि चार महिन्यांत गेलात तर मध्ये पडून तुमचं नाव सुचवणाऱ्या ओळखीच्या माणसाचंही नाव खराब होतं, आणि पुण्यात एचआरची माणसं एकमेकांना ओळखतात.

तिसरा प्रश्न थेट विचारला जात नाही, पण असतो: तुमच्याहून तीन वर्षांनी लहान टीम लीडर तुमच्या चुका काढेल, चालेल का? याला "मला काहीच फरक पडत नाही" म्हणू नका. कर सल्लागाराकडे एकविसाव्या वर्षाच्या मुलाने टॅली शिकवलं असेल तर तेच सांगा.

वीक पॉइंटचं उत्तर वेगळं ठेवा

अपयशाची हकिगत आणि दोष ही दोन वेगळी उत्तरं आहेत. एकच गोष्ट दोन्हीकडे वापरलीत तर तुमच्याबद्दल फक्त तेवढंच लक्षात राहतं. दोष असा निवडा, जो खरा आहे, कामाच्या गाभ्यात नाही आणि ज्यावर तुम्ही आत्ता काहीतरी करताय. "मी परफेक्शनिस्ट आहे", "मी फार काम करतो" ही उत्तरं समोरच्याने त्याच दिवशी दोनदा ऐकलेली असतात. ती ऐकली की तो पुढचा प्रश्न आणखी खोदून विचारतो.

आपल्या मुलीचा खरा दोष आहे फोनवरचं इंग्रजी. मेल ती नीट लिहिते, पण फोनवर अचानक विचारलं तर अडते. हे समोरच्याला तसंही दहा मिनिटांत कळणार असतं, आणि दिसणारा दोष आपणच आधी बोलून दाखवला की बाकीच्या उत्तरांवरही विश्वास बसतो. ती म्हणू शकते: "फोनवर इंग्रजीत बोलताना मी अडते. म्हणून फोन करायच्या आधी तीन मुद्दे लिहून घेते आणि बोलणं झाल्यावर ठरलेलं मेलवर पाठवते. ठरवून केलेल्या फोनला आता अडचण येत नाही, अचानक आलेल्या फोनला अजून येते." शेवटचं अर्धं वाक्य काढू नका, त्यानेच उत्तर खरं वाटतं. मात्र हीच मुलगी दिवसभर परदेशी ग्राहकांशी बोलायच्या कामासाठी जाणार असेल तर हा दोष गाभ्यातला ठरतो, आणि मग ती जागा तिच्यासाठी आत्ता नाही.

प्रामाणिक राहायचं म्हणजे सगळं उघडं करायचं असं नाही. अभ्यासाच्या काळात मन खचलं होतं, औषधं चालू होती, घरात कर्ज आहे, लग्नाची बोलणी चालू आहेत, हे सांगायला तुम्ही बांधील नाही. "तो काळ घरच्या दृष्टीने अवघड होता, आता मी पूर्णवेळ कामासाठी मोकळी आहे" हे खरंही आहे आणि पुरेसंही. कुणी लग्नाचं खोदून विचारलंच तर उत्तर कामाच्या वेळांवर आणा: "तुमची शिफ्ट मला जमणार आहे."

सराव कसा करायचा

फोनवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड करा आणि ऐकताना दोन गोष्टी शोधा. एक, "पण" किती वेळा येतं. कबुलीनंतर लगेच "पण" आलं की ती कबुली पुसली जाते. दोन, वाक्यांचा कर्ता कोण आहे. "अभ्यास झाला नाही", "पेपर सोडवले गेले नाहीत" अशी वाक्यं ऐकू आली तर ती "मी पेपर सोडवले नाहीत" अशी करा. मग अभ्यासिकेबाहेरच्या कुणाला तरी, शक्यतो नोकरी करणाऱ्या ताईला किंवा दादाला, उपप्रश्न विचारायला सांगा. अभ्यासिकेतले मित्र तुमच्याच दुःखात असतात. ते मान डोलावतात, अडवत नाहीत.

मुलाखतीत उत्तर लागू पडलं की नाही हे पुढच्या प्रश्नावरून कळतं. समोरचा वहीबद्दल, बिलांबद्दल, रुजू व्हायच्या तारखेबद्दल विचारायला लागला तर शंका मिटल्या. तो त्याच वर्षांवर तिसऱ्यांदा परत आला तर काहीतरी अर्धवट राहिलंय. तेव्हा तेच उत्तर लांबवू नका, सरळ विचारा, "सर, मी परत परीक्षेकडे जाईन का, ही शंका आहे का?" बहुतेक वेळा तीच असते, आणि तिचं उत्तर तुम्ही घरून ठरवून आणलेलं असतं.

बाहेर पडल्यावर बसमध्येच विचारलेले उपप्रश्न फोनमध्ये लिहून ठेवा, आणि एचआरच्या फॉर्मवर भरलेल्या तारखांचा फोटो नसेल तर त्याही. दुसऱ्या फेरीला दुसराच माणूस बसतो, पण त्याच्यासमोर तुमचा तोच फॉर्म आणि पहिल्या फेरीच्या नोंदी असतात.